लेगिंग कमरेत सैल नसते, मागून आखूड असते

प्रश्न: मी आठवड्यातून चार दिवस योगवर्गाला आणि दोन दिवस जिमला जाते. अंग नीट झाकणारे, आधार देणारे आणि न सरकणारे कपडे हवे आहेत. आत्ताची लेगिंग वाकले की मागून खाली येते आणि ताणल्यावर आतले दिसते. एक साइझ मोठी घेतली तर ती जास्तच घसरते. टॉप अधोमुख श्वानासनात गळ्यापर्यंत येतो. कापड आणि माप नेमके कसे पारखायचे?

उत्तर: व्यायामाचे कपडे बेतणे, शिवणे आणि विकत घेतलेले कपडे दुरुस्त करून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. घसरणारी लेगिंग घेऊन येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती मला कमरेचे इलॅस्टिक आवळून द्यायला सांगते. बहुतेक वेळा मी ते लगेच करत नाही, कारण दोष कमरेत क्वचितच असतो. आपण कपडा आरशासमोर ताठ उभे राहून पाहतो आणि तो वापरतो मात्र वाकून, बसून, पाय फाकवून किंवा उलटे होऊन. उभे असताना बरोबर बसणारा कपडा त्या स्थितींमध्ये कुठेतरी अपुरा पडतो, आणि जिथे अपुरा पडतो तिथून तो सरकतो किंवा पारदर्शक होतो. तुमच्या लेगिंगच्या दोन्ही तक्रारी याच एका कारणातून आलेल्या आहेत, असे मला वाटते.

कमरेच्या पट्ट्याच्या वरच्या कडेपासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतचे मागचे अंतर म्हणजे बॅक राइज. आपण पूर्ण उकिडवे बसतो किंवा पुढे वाकतो तेव्हा शरीरावरचे हे अंतर बऱ्यापैकी वाढते, आणि पुढचे आक्रसते. पुढे सैल झालेले कापड मागे सरकून भरपाई करू शकत नाही, कारण मांड्यांच्या मध्ये ते अंगाला घट्ट धरलेले असते. मग मागची वाढ भरून काढण्याचे दोनच मार्ग उरतात. एक तर कापड उभ्या दिशेने ताणले जाते, नाहीतर कमरेचा पट्टा खाली ओढला जातो. पट्टा कितीही आवळला तरी ही ओढ तशीच राहते. फरक एवढाच पडतो की सैल पट्टा सरळ घसरतो आणि आवळलेला पट्टा गुंडाळी होऊन घसरतो.

एक उदाहरण आकड्यांसह मांडते, म्हणजे मोठी साइझ का उपयोगी पडली नाही तेही कळेल. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची कमर ८० सेंटीमीटर आणि नितंबांचा घेर १०६ सेंटीमीटर होता. पट्टा जिथे राहायला हवा होता तिथून मोजले तर मागचे अंतर उभे असताना ३८ आणि उकिडवे बसल्यावर ४४ सेंटीमीटर भरले. त्यांनी कमरेच्या मापावरून मध्यम साइझ घेतली होती. तिचा बॅक राइज ३३ सेंटीमीटर होता, म्हणजे बसताना कापडाने उभ्या दिशेने ३३ टक्के ताणले जायला हवे होते. ते कापड आडवे भरपूर ताणले जात होते, पण उभे जेमतेम २० टक्के, त्यामुळे ३३ चे साधारण साडेएकोणचाळीस सेंटीमीटरच झाले आणि उरलेले साडेचार सेंटीमीटर पट्ट्याने खाली येऊन भरले. त्यांनी नंतर घेतलेल्या मोठ्या साइझचा बॅक राइज ३४, म्हणजे फक्त एक सेंटीमीटरने जास्त होता, पण कमर मात्र पाच सेंटीमीटरने सैल होती. बसताना ती लेगिंगही तीनेक सेंटीमीटर खाली ओढली जाई आणि उठल्यावर तो सैल पट्टा आपल्या जागी परतत नसे. दहा बैठका झाल्या की ती नितंबांवर आलेली असे. तुमच्याही बाबतीत हेच घडत असण्याची शक्यता मोठी आहे, विशेषतः कमर आणि नितंब यांच्या मापात बराच फरक असेल तर.

आता पारदर्शकतेकडे येऊ. कापडाचे वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. हा आकडा न ताणलेल्या कापडाचा असतो, हे खरेदी करताना सहज विसरले जाते. वरची मध्यम लेगिंग २३० जीएसएमच्या कापडाची होती. न ताणता तिचा नितंबांपाशी घेर ७८ सेंटीमीटर होता, म्हणजे १०६ च्या घेरावर ती ३६ टक्के आडवी आणि बसताना २० टक्के उभी ताणली जात होती. तेच कापड तेवढ्या जास्त क्षेत्रावर पसरल्यामुळे अंगावर प्रत्यक्षात १४० जीएसएमच्या आसपासच उरले, आणि एवढे पातळ कापड उजेडात आरपार दिसणारच. त्याच कापडाची लेगिंग घेर ८८ आणि बॅक राइज ३९ असा ठेवून बेतली, तर ताण आडवा २० आणि उभा १३ टक्के होतो आणि अंगावर १७० च्या जवळ वजन राहते. जाड पण लहान लेगिंगपेक्षा मध्यम वजनाची, नीट मापाची लेगिंग अंग जास्त चांगले झाकते. म्हणून जाहिरातीतला जीएसएम पाहून निर्धास्त होऊ नका. अगदी आकडाच हवा असेल तर अंगासरशी लेगिंगसाठी मी २३० ते २८० च्या दरम्यानचे कापड निवडते, मात्र माप बरोबर असेल या अटीवर.

वजनाबरोबर वीणही पाहावी लागते. एकेरी विणीचे जर्सी कापड कडेला गुंडाळले जाते आणि ताणल्यावर टाक्यांमधली भोके उघडी पडतात. इंटरलॉक ही दुहेरी वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, तिची कड सपाट राहते आणि ताणल्यावरही एका बाजूचे टाके दुसरीकडच्या फटी झाकतात. दुकानात ओळखायचे झाले तर कापडाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंची तुलना करा आणि नितंबांच्या भागात हात आत घालून बोटे फाकवा. बोटांच्या कडा पुसट दिसल्या तर चालते, पण त्वचेचा रंग किंवा नखे स्पष्ट दिसत असतील तर तो कपडा वाकण्याच्या व्यायामाचा नाही. गडद रंगाचे सगळेच कापड अपारदर्शक असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. पुष्कळ काळी कापडे ताणल्यावर करडी होतात, कारण धाग्यांच्या मधून त्वचा दिसू लागते. घामाचे डाग लपवायचे असतील तर मात्र काळा, गडद निळा किंवा बारीक छपाईचा रंग चांगला. मध्यम करड्या रंगावर ओल सर्वांत जास्त उठून दिसते, आणि फिकट रंग ओले झाले की आणखी पारदर्शक होतात.

ताण आणि परतावा पाहण्यासाठी मोजपट्टी पुरते. नितंबांच्या जवळ, शिवणीपासून दूर, कापडावर १० सेंटीमीटर अंतर चिमटीत धरा आणि जोर न लावता ओढा. आडव्या दिशेने ते किमान १५ सेंटीमीटरपर्यंत आणि उभ्या दिशेने किमान १३ पर्यंत जायला हवे. उभ्या दिशेचा हा ताण बहुतेक जण तपासतच नाहीत, आणि घसरण्याचा निकाल लागतो तो तिथेच. मग दहा-पंधरा सेकंद ताणून धरा, सोडा आणि मिनिटभराने पुन्हा मोजा. १० चे १०.२ झाले असेल तर कापड उत्तम आहे. साडेदहावर थांबले असेल तर वर्ग संपेपर्यंत गुडघ्यावर आणि बैठकीवर पिशव्या सुटतील. हा परतावा स्पॅन्डेक्समुळे, म्हणजे ज्याला आपण लायक्रा म्हणतो त्या धाग्यामुळे येतो. अंगासरशा लेगिंगमध्ये त्याचे प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के असावे.

उरलेला धागा कोणता, हे मात्र तुम्हाला किती घाम येतो यावर अवलंबून आहे. सुती कापड त्वचेला छान वाटते आणि निसरडे नसते, पण ते पाणी धरून ठेवते, जड होते आणि त्या वजनानेच खाली ओढले जाते. सुती लेगिंगमध्ये स्पॅन्डेक्सही बहुधा पाचेक टक्केच असतो, त्यामुळे ओली झाल्यावर ती परत आवळत नाही. सावकाश आसने आणि प्राणायाम एवढेच असेल तर ती चालते, किंबहुना मी स्वतः तेवढ्यासाठी तीच पसंत करते. सूर्यनमस्कारांची आवर्तने किंवा जिम असेल तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर हवे. नायलॉन मऊ असते आणि घासणे चांगले सोसते. पॉलिएस्टर लवकर वाळते, पण त्यात घामाचा वास जास्त टिकतो.

पट्टा शेवटी पाहायचा, कारण वरचे सगळे जमले की त्याला फार काम उरत नाही. आठ ते बारा सेंटीमीटर रुंदीचा, दुहेरी कापडाचा आणि बेंबीच्या किंचित वर बसणारा पट्टा बहुतेकांना मानवतो. तो सरळ पट्टीसारखा आहे की वरच्या कडेला अरुंद होत गेला आहे, ते पाहा. कमर आणि नितंब यांत मोठा फरक असलेल्या शरीरावर वर निमुळता होणारा पट्टा जास्त चांगला बसतो. न ताणता त्याचा घेर कमरेच्या मापापेक्षा साधारण दहा टक्के कमी असला की पुरे. उदाहरणातल्या बाईंना आम्ही लेगिंग नितंबांच्या मापाने निवडली, जास्त बॅक राइजची घेतली आणि पट्ट्याच्या वरच्या शिवणीत अरुंद इलॅस्टिक घालून फक्त कमर ७२ सेंटीमीटरवर आणली. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही ही दुरुस्ती सहज जमते. उलट, लहान असलेला बॅक राइज नंतर वाढवता येत नाही. म्हणून साइझ नेहमी नितंबांवरून आणि बॅक राइजवरून निवडावी आणि कमर मागाहून जुळवून घ्यावी.

घालून पाहताना ही परीक्षा करा. पट्ट्याच्या वरच्या कडेपाशी पोटावर आणि पाठीवर पेनाने एकेक बारीक खूण करा. मग दहा पूर्ण बैठका, पाच वेळा पुढे वाकणे आणि दोन्ही बाजूंना एकेक लांब पाऊल टाकून खाली बसणे, एवढे करून खुणा पाहा. फक्त मागची कड खाली आली असेल तर बॅक राइज कमी आहे किंवा कापडाला उभा ताण नाही, आणि ती जोडी परत करणेच बरे. सगळीकडून सारखी घसरली असेल तर पट्टा खरोखरच सैल आहे, आणि तेवढी दुरुस्ती पुरेल. पट्टा घडी घालून गुंडाळला जात असेल तर तो फार घट्ट किंवा फार मऊ आहे, किंवा पोटाच्या चुकीच्या उंचीवर बसतो आहे. मांड्यांच्या मध्ये कापड टोचत किंवा खेचत असेल तर तिथे चौकटीच्या आकाराचा वेगळा जोड, म्हणजे गसेट, आहे का ते पाहा. त्या जोडामुळे चार शिवणी एका बिंदूवर येत नाहीत आणि पाय फाकवायला जागा मिळते. ही परीक्षा खिडकीकडे पाठ करून, मागून कुणाला तरी पाहायला सांगून किंवा फोनवर चित्रित करून केली तर पारदर्शकतेचाही निकाल त्याच वेळी लागतो.

अंगासरशी लेगिंग एकटी घालणे तुम्हाला रुचत नसेल, तर वरून मांडीच्या मध्यापर्यंत येणारा, दोन्ही बाजूंना चिरा असलेला टॉप घाला. गुडघ्याच्या खाली जाणारा टॉप पुढे टाकलेल्या पायाखाली अडकतो, म्हणून मी तो सुचवत नाही. सैल पँटही चांगली, पण तिच्या घोट्याला इलॅस्टिक किंवा विणलेली पट्टी हवी, नाहीतर सर्वांगासनात ती गुडघ्यापर्यंत उतरते आणि उभे राहिल्यावर टाचेखाली येते. सैल अर्ध्या पँटच्या आत मांडीला धरून राहणारी अंगासरशी आतली पँट असावी. हे पुरुषांनाही तितकेच लागू आहे, आणि त्यांच्याकडून याची चौकशी फार कमी होते. एक सावधगिरी मात्र बाळगा. जिममधल्या सायकलवर रुंद पायांची पँट आणि लोंबणारी नाडी दोन्ही धोक्याची आहेत. नाडी बांधल्यावर पट्ट्याच्या आत खोचून टाकावी.

टॉप वर जाण्याची कारणे दोन आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. हात डोक्यावर नेल्यावर टॉपची खालची कड वर जाते ती बगलेच्या कापामुळे. बगल जितकी खोल कापलेली, तितका हात उचलताना सगळा टॉप वर खेचला जातो. म्हणून सैल टॉप घेतला तरी बगलेचा काप काखेच्या जवळच हवा. दोन्ही हात सरळ वर करा. कड तीन-चार सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलली गेली तर बगल खोल आहे, आणि लांब टॉप घेऊनही हा दोष जाणार नाही. अधोमुख श्वानासनात टॉप गळ्याशी येतो तो मात्र गुरुत्वाकर्षणाने, आणि ते कोणत्याही सैल कापडाच्या बाबतीत होणारच. तिथे आत एक अंगासरशी, लांब, लेगिंगच्या पट्ट्यात खोचता येणारी बनियन घालणे हा सर्वांत विश्वासू उपाय आहे. वरचा टॉप मग सरकला तरी पोट आणि पाठ झाकलेली राहतात. एकच थर हवा असेल तर खालच्या कडेला मऊ इलॅस्टिक किंवा नाडी असलेला टॉप घ्या आणि ती कड नितंबांच्या वर, कमरेच्या खाली बसेल अशी ठेवा. आत घालायची बनियन १५० जीएसएमच्या आसपासची हलकी असू द्या, नाहीतर दोन थरांत उकडते आणि मग लोक आतला थर घालणेच सोडून देतात.

आधार हे आतल्या थराचे काम आहे. वरचा टॉप सैल असला म्हणून आतली स्पोर्ट्स ब्रा सैल असून चालत नाही. तिचा बहुतेक आधार छातीखालच्या पट्ट्यातून येतो, खांद्यांच्या पट्ट्यांतून नव्हे. तो पट्टा चहूबाजूंनी जमिनीशी समांतर राहावा, त्याखाली दोन बोटे जावीत पण जास्त नाही, आणि हात वर केल्यावर तो वर सरकू नये. सरकत असेल तर पट्टा मोठा आहे. खांद्याचे बंद आवळून तो दोष झाकला तर खांद्यांवर वळ उठतात आणि मान भरून येते. योगासाठी छाती नुसती दाबून धरणारी ब्रा पुरेशी असते. धावणे किंवा उड्या असतील आणि छाती भरदार असेल, तर दोन्ही बाजूंना वेगळे कप असलेली निवडा आणि जागेवर वीसेक उड्या मारून पाहा. पाठीवर निजून करायचे व्यायाम असतील तर मागे कडक हुक किंवा जाड गाठ नको, कारण ती नेमकी मणक्यावर रुततात.

कपडा स्वतःच निसरडा आहे का, हेही एकदा पाहून ठेवा, कारण गुळगुळीत चमकदार नायलॉनची लेगिंग अंगावरून सरकत नाही, पण तिच्यावरून इतर गोष्टी सरकतात. वृक्षासनात तळपाय मांडीवरून खाली येत राहतो आणि बकासनात गुडघे घामेजल्या दंडांवरून घसरतात. वजन उचलताना गुळगुळीत टी-शर्ट रेक्झिनच्या बाकावर पाठ ठरू देत नाही. अशा व्यायामांसाठी पृष्ठभाग मंद, किंचित खरबरीत वाटणारा असावा. दुकानात कोरडा तळहात कापडावर दाबून पुढे ढकला. तो अडखळत जात असेल तर ठीक. लव उठवलेले मऊ कापड पकडीला फार छान असते, पण मांड्यांच्या आतल्या बाजूला त्याचे गोळे लवकर येतात, हे गृहीत धरून घ्या.

ऑनलाइन घेताना अंगाच्या मापांचा तक्ता पुरेसा नसतो. विक्रेत्याला कपड्याचा बॅक राइज आणि न ताणलेल्या नितंबांचा घेर विचारा. ही मापे मिळत नसतील तर तुमच्याकडची सर्वांत कमी घसरणारी पँट मोजून ठेवा आणि परत करण्याची सोय असेल तिथूनच घ्या. खुणांची परीक्षा घरी, लेबल न काढता, आतल्या कपड्यांवर करता येते.

धुताना गार पाणी वापरा, कपडा उलटा करा आणि कपडे मऊ करणारे द्रावण टाळा, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून घाम शोषून बाहेर टाकण्याचे काम मंदावते. स्पॅन्डेक्सला उष्णता सोसत नाही, म्हणून ड्रायर आणि इस्त्री दोन्ही नकोत, आणि वाळवायलाही सावलीच बरी. काही महिन्यांनी १० सेंटीमीटरची परीक्षा त्याच जागी पुन्हा करा. ताण सोडल्यावर ११ च्या पुढे राहत असेल किंवा नितंबांच्या शिवणीपाशी बारीक पांढरे तंतू बाहेर डोकावू लागले असतील, तर आतला लवचिक धागा तुटतो आहे. अशी लेगिंग चालायला किंवा घरात वापरता येईल, पण वर्गात वाकण्यासाठी ती आता पुरेशी झाकणार नाही.